ते शेवटचं ‘ला’

हाँगकाँगमधल्या दोन मैत्रिणी शनिवारी संध्याकाळी फोनवर एकमेकींना लिहिताहेत. भाषा कँटोनीज, पण चिनी अक्षरं टंकण्याचा कंटाळा म्हणून रोमन लिपीत. उच्चार देवनागरीत उतरवले, तर त्यांचं बोलणं साधारण असं दिसेल:

– थिंग यात याम छा ला.
– म् दाक वो. यिउ फान गुंग.
– सिंग खेई यात दोउ यिउ फान गुंग मे?
– लोउ साय वा यिउ वो. फान पुन यात जे.
– गाम साम दिम ला. ल्योंग दिम तो यान आ मा.
– ओके ला.

विषय साधा आहे. उद्या ‘याम छा’ला, म्हणजे चहा आणि दिमसमच्या छोट्या छोट्या पदार्थांच्या जेवणाला जायचं का, एवढंच. दुसरीला रविवारीही कामावर जायचं आहे, तेही अर्धा दिवस, म्हणून तीनची वेळ ठरते. शब्दकोश घेऊन बसलं तर ‘याम छा’, ‘फान गुंग’ म्हणजे कामावर जाणं, ‘लोउ साय’ म्हणजे साहेब, हे सगळं सापडतं. अडतं ते प्रत्येक वाक्याच्या शेवटाशी. ला, वो, मे, जे, आ मा, ला. हे शब्द गाळून इंग्रजी केलं, तर दोन मैत्रिणींच्या जागी दोन कारकून एकमेकांना निरोप धाडताहेत असं वाटेल. आणि एका ठिकाणी तर अर्थच बदलेल.

कँटोनीजमध्ये असे मूळ शब्द तीसच्या आसपास मोजले जातात आणि ते एकमेकांना जोडून आणखी कितीतरी होतात. इतके का लागतात, याचं कारण त्या भाषेच्या सुरांमध्ये आहे. ‘सी’ हे एकच अक्षर उंच सपाट सुरात म्हटलं की कविता, चढत्या सुरात इतिहास, मधल्या सुरात प्रयत्न करणं, आणखी तीन सुरांत काळ, बाजार आणि बाब. सूरच शब्दाचा अर्थ ठरवत असल्यामुळे आग्रह, आश्चर्य, नाराजी दाखवायला बोलणाऱ्याला आवाज मनासारखा वरखाली करता येत नाही. इंग्रजी माणूस जे काम आवाजाच्या चढउतारावर सोपवतो, त्यातलं बरंचसं कँटोनीज माणूस वाक्याच्या शेवटच्या शब्दाकडे देतो. म्हणूनच घरगुती बोलण्यात असा शब्द नसलेलं वाक्य उघडंबोडकं आणि तुटक वाटतं. नुसतं ‘ओके’ आणि ‘ओके ला’ यांत मैत्रीचा फरक आहे.

मराठी वाचकाला हे अनोळखी वाटायचं कारण नाही. ‘येईल’, ‘येईल ना’, ‘येईल की’, ‘येईल म्हणे’, ‘येईल हं’ यांत येण्याबद्दलची माहिती एकच आहे. बोलणाऱ्याची भूमिका मात्र दर वेळी वेगळी. यातल्या ‘की’ला इंग्रजीत काय म्हणायचं, असं कुणी विचारलं तर आपणही घुटमळतो.

आता ‘ला’ घेऊ. रोमन लिपीत एकच दिसत असलं, तरी हे मुख्यतः दोन वेगळे शब्द आहेत. उंच सुरातला ‘ला’ समोरच्याला पुढे ढकलतो: आग्रह, सुचवणं, विनवणी किंवा राजी होणं. मधल्या सुरातला ‘ला’ परिस्थिती बदलल्याचं सांगतो: पूर्वी नव्हतं ते आता झालं. चॅटमध्ये सूर लिहिले जात नाहीत. चिनी अक्षरांत या दोघांसाठी वेगवेगळी चिन्हं आहेत खरी, पण घाईत पुष्कळ जण दोन्हीकडे एकच चिन्ह वापरतात, त्यामुळे तिथेही भरवसा ठेवता येत नाही.

मग ओळखायचं कसं? वाक्यातल्या क्रियापदाकडे पाहून. ‘सिक’ म्हणजे खाणं. ‘सिक जो ला’ यात ‘जो’ हे क्रिया पूर्ण झाल्याचं चिन्ह आहे. म्हणजे हा मधल्या सुरातला ‘ला’, ‘माझं खाऊन झालंय’. इंग्रजीत त्यासाठी ‘ऑलरेडी’ किंवा ‘आय हॅव ईटन’ अशी क्रियापदाची रचना लागते. जेवताना हात आखडणाऱ्या पाहुण्याला कुणी नुसतं ‘सिक ला’ म्हणालं, तर तो बहुधा उंच सुरातला, ‘खा ना, घे ना’. इंग्रजीत ‘गो ऑन, ईट’. सगळ्यांत फसवं वाक्य म्हणजे ‘म् सिक ला’. ‘म्’ म्हणजे नाही. नवशिक्या ‘मी खात नाही’ असं करतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, हिला तो पदार्थ वर्ज्य आहे. खरा अर्थ ‘आता नाही खात मी’ असा आहे. आधी खात होते किंवा खाणार होते, आता बेत बदलला. इंग्रजीत ‘एनिमोर’ किंवा ‘आफ्टर ऑल’ घातल्याशिवाय तो बदल दिसत नाही. एका अक्षराच्या ‘ला’साठी कधी क्रियापदाचा काळ, कधी क्रियाविशेषण, तर कधी ‘लेट्स’सारखी वाक्याची सुरुवात. म्हणून ‘ला’ला इंग्रजी शब्द कोणता, हा प्रश्नच चुकीचा आहे. या वाक्यात ‘ला’ कोणतं काम करतोय आणि ते काम इंग्रजीत कोण करतं, एवढंच विचारायचं.

‘मा’पाशी वेगळा सापळा आहे, आणि त्यात अडकतात ते थोडीफार मँडरिन चिनी शिकलेले लोक. मँडरिनच्या पहिल्याच धड्यात ‘मा’ भेटतो: विधानाच्या शेवटी ‘मा’ लावा, प्रश्न तयार. कँटोनीजमध्येही प्रश्नाचा ‘मा’ आहे, पण रोजच्या बोलण्यात तो पुस्तकी वाटतो. बोलताना ‘जातेस-नाही-जातेस’ अशा घडणीचा प्रश्न किंवा वेगळा शेवटचा शब्द जास्त येतो. चॅटमध्ये अधिक भेटतो तो ‘आ मा’, आणि तो प्रश्न विचारत नाही, कारण सांगतो. तेही असं, की ‘हे तुला ठाऊक असायला हवं’. ‘ल्योंग दिम तो यान आ मा’ याचा अर्थ ‘दोन वाजता गर्दी असते का?’ असा नाही. अर्थ आहे, ‘दोन वाजता गर्दी असते ना’, म्हणून तीन वाजता. प्रश्न म्हणून भाषांतर केलं, तर तीनची वेळ का ठरली हे कळतच नाही आणि पुढचं ‘ओके ला’ न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वाटू लागतं. चूक झाल्याची खूण हीच. पुढचा संदेश मागच्याला बसत नसेल, तर शेवटचा शब्द पुन्हा तपासायचा. घाईत टंकणारे ‘आ मा’मधला ‘आ’ही गाळतात. तेव्हा तर या खुणेशिवाय दुसरा आधारच उरत नाही.

‘वो’ या संवादात दोनदा आला आहे, आणि दोन्ही वेगळे आहेत. पहिला, ‘म् दाक वो’, मधल्या सुरातला: ‘जमणार नाही गं’. समोरचीच्या अपेक्षेबाहेरची गोष्ट तिच्या लक्षात आणून देणारा. इंग्रजीत इथे ‘आय’म अफ्रेड’ शोभतं. दुसरा, ‘लोउ साय वा यिउ वो’, खालून वर चढणाऱ्या सुरातला. हा ऐकीव माहितीचा. साहेब म्हणतात यावंच लागेल. मी फक्त त्यांचं म्हणणं सांगतेय, ते पटलंय असं नाही. मराठीत यासाठी ‘म्हणे’ आहे. चिनी अक्षरांतही हे दोन्ही ‘वो’ बहुधा एकाच चिन्हाने लिहितात.

या ‘वो’ला गाळणं सगळ्यांत महागात पडतं. ‘खोय म् लाय वो’, म्हणजे ‘तो येत नाही’ आणि पुढे ‘वो’. मधल्या सुरात ही बोलणाऱ्याच्या स्वतःच्या लक्षात आलेली गोष्ट आहे. चढत्या सुरात ते त्याच्याकडून किंवा दुसऱ्या कुणाकडून आलेलं सांगणं आहे आणि त्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर नाही. इंग्रजीत सरसकट ‘ही इज नॉट कमिंग’ केलं की ऐकीव गोष्ट स्वतःच्या माहितीची होऊन बसते. उद्या कुणाला काय ठाऊक होतं हे त्या संदेशावरून ठरवायची वेळ आली, तर हा फरक किरकोळ राहणार नाही. ‘अपॅरंटली’ किंवा ‘ही सेज’ एवढंच घालायचं असतं. आणि सूर संदर्भावरूनही ठरत नसेल, तर लिहिणाऱ्या व्यक्तीला विचारणं हाच प्रामाणिक उपाय.

हे शब्द एकमेकांमागे रांगेतही उभे राहतात, आणि रांगेचा क्रम ठरलेला असतो. ‘वुई छी दोउ गा ला वो’. ‘वुई छी दोउ’ म्हणजे उशीर होईल. ‘गा’ सांगतो, हे खात्रीचं आहे. ‘ला’ सांगतो, आता वेळ तिथवर येऊन ठेपली. ‘वो’ सांगतो, तुला सावध करतेय. क्रमही अर्थपूर्ण आहे: आधी गोष्टीबद्दलची खात्री, मग वेळ, आणि अगदी बाहेरच्या टोकाला समोरच्याशी असलेलं नातं. इंग्रजीत तिन्हींना वेगवेगळे शब्द दिले तर वाक्य कोसळतं. ‘यू’ल बी लेट नाउ, यू नो’ एवढं पुरतं: खात्री क्रियापदात मुरली, ‘नाउ’ने ‘ला’ पेलला आणि ‘यू नो’ने ‘वो’.

काही जण ‘ला’ तसाच इंग्रजी वाक्यात ठेवतात. त्यात अडचण अशी, की इंग्रजी वाचकाच्या कानाला वाक्याअंती आलेला ‘ला’ सिंगापूरचा वाटतो, कारण तिथल्या इंग्रजीतला ‘ला’ जगाला जास्त परिचित आहे. हाँगकाँगची मैत्रीण मग सिंगापूरची होऊन बोलू लागते. उलटी चूक म्हणजे प्रत्येक कणाचं ऋण फेडायला निघणं. ‘यू नो’, ‘यू सी’, ‘आफ्टर ऑल’ यांची ओळीने झड लागली, की साधी बोलणारी बाई लाडिक किंवा वितंडवादी वाटू लागते. कँटोनीजमध्ये हे शब्द कानाला जाणवतही नाहीत इतके हलके असतात. म्हणून काहींची भरपाई शब्दरचनेतून आणि विरामचिन्हांतूनच करावी. ‘मे?’ हे त्याचं उदाहरण: ‘रविवारी पण कामावर?’ यातलं नवल इंग्रजीत ‘ऑन अ संडे?!’ या दोन चिन्हांत मावतं.

आता तो संवाद इंग्रजीत असा उभा राहतो:

– लेट्स गो फॉर यम चा टुमॉरो.
– आय कान्ट, आय’म अफ्रेड. गॉट वर्क.
– ऑन अ संडे?!
– बॉस सेज वी हॅव टू, अपॅरंटली. इट्स ओन्ली हाफ अ डे.
– थ्री ओ’क्लॉक, देन. इट गेट्स पॅक्ड अॅट टू, यू सी.
– ऑलराइट देन.

शेवटच्या ओळीत ‘ओके, फाइन’ लिहिण्याचा मोह होतो. पण चॅटमधलं इंग्रजी ‘फाइन’ रुसलेलं वाटतं, आणि ‘ओके ला’ इथे राजीखुशीचा आहे: आधी अडलेली गोष्ट सुटली, तीन वाजता भेटू. तोच ‘ओके ला’ दहा वेळा मागे लागल्यावर आला असता, तर ‘फाइन’ हाच नेमका शब्द ठरला असता. त्यामुळे शेवटच्या ‘ला’चं इंग्रजी ठरवण्याआधी पहिल्या ओळीपासूनचं बोलणं पुन्हा एकदा वाचावं लागतं.