झोपाळू सूर्योबा आणि चांदोबाची पाळी

तीन-चार वर्षांच्या मुलांना ही गोष्ट मी पौर्णिमेलाच सांगते, गच्चीवर, पश्चिमेकडे तोंड करून.

“सूर्योबाने दिवसभर पापड वाळवले, कपडे वाळवले. आता आली मोठ्ठी जांभई. आऽऽऽ! गाल झाले लाल लाल. ‘चांदोबा, आता तुझी पाळी!’ असं म्हणून ढगाची गोधडी ओढली आणि सूर्योबा गुडूप!”

जांभई मुलांनाच द्यायला लावा. मग त्यांना गर्रकन मागे वळवा.

“चांदोबा हळूच वर आला. म्हणाला, ‘झोप हं, मी दिवा धरतो.’”

पौर्णिमेलाच का? कारण त्या संध्याकाळी सूर्य मावळतो साधारण तेव्हाच समोरच्या बाजूला, पूर्वेला, पूर्ण चंद्र उगवतो. पुढे तो रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा येतो. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या आजीला हे पक्कं ठाऊक असतं! त्या दिवशी गोष्ट सांगितली तर मागे वळल्यावर आभाळ रिकामंच दिसतं आणि मुलं हिरमुसतात.

चार-पाच दिवसांनी सकाळी पश्चिमेला फिकट चंद्र दिसला की मुलं हमखास विचारतात, “हा अजून घरी नाही गेला?” तेव्हा मी म्हणते, “कामाला उशिरा आला ना, म्हणून उशिरा जाणार!”