प्लीटची घडी: दिशा बदलली की कपड्याची पडणही बदलते

शाळेच्या गणवेशाचा घडीदार स्कर्ट नवा असताना चांगला दिसतो, मात्र अनेकदा थोड्याच दिवसांत तो नितंबांवर फाकू लागतो. याचा दोष सहसा कापडाला दिला जातो. प्रत्यक्षात चूक बहुतेक वेळा मापात असते.

गणवेशात सर्वाधिक आढळणाऱ्या नाइफ प्लीटमध्ये सर्व घड्या एकाच दिशेला वळतात. दिसणारा भाग, त्याखाली आत वळणारा भाग आणि पुन्हा परतणारा भाग असे कापडाचे तीन थर होतात. त्यामुळे घड्या एकमेकींना लागून घातल्यास घेराच्या तिप्पट कापड लागते.

कंबर ६० सेंटिमीटर आणि नितंबांचा घेर सैलपणासह ८० सेंटिमीटर असेल, तर हिशेब ८० वरून करावा. वीस घड्या धरल्यास नितंबांवर प्रत्येकी ४ सेंटिमीटर भाग दिसेल आणि तिप्पट म्हणजे २४० सेंटिमीटर कापड लागेल, शिवणीचे वेगळे. कमरेवर मात्र प्रत्येक घडी ३ सेंटिमीटरच दिसायला हवी. उरलेला एकेक सेंटिमीटर तिरप्या रेषेत आत दाबून कमरेपासून नितंबांपर्यंत शिलाई घालतात. त्यामुळे कमरेशी थर जाड होतो, पण घडी मिटलेली राहते. कमरेच्या ६० वरूनच माप घेतले, तर कमी पडणारे २० सेंटिमीटर घड्या उघडूनच भरून निघतात.

दिसणारी कड कापडाच्या उभ्या धाग्यावर असावी, नाहीतर घडी खाली एका बाजूला ओढते. कच्चे टाके पक्की इस्त्री होईपर्यंत उसवू नयेत. पॉलिएस्टरमधली घडी उष्णतेने टिकते. सुती कापडात ती प्रत्येक धुण्यानंतर पुन्हा बसवावी लागते.

बॉक्स प्लीटमध्ये दोन घड्या परस्परांपासून दूर वळतात आणि त्यांच्या कडा मागे भेटतात. समोर सपाट, किंचित उठावदार पट्टा दिसतो आणि स्कर्टला फुगीरपणा येतो. हीच रचना उलटी केली की इन्व्हर्टेड प्लीट होते. तिच्या कडा समोर भेटतात आणि जास्तीचे कापड मागे लपते. उभे असताना ती सपाट पडते, पाऊल टाकले की उघडते. फुगीरपणा नको, पण चालायला मोकळीक हवी, अशा सरळ स्कर्टला तीच योग्य.

पँटवर सहसा नाइफ प्लीटच असते. घडी चेनकडे वळली तर ती फॉरवर्ड आणि खिशाकडे वळली तर रिव्हर्स. मुख्य घडी पायाच्या इस्त्रीच्या रेषेत मिसळावी लागते. ती पट्ट्यात पकडून खाली मोकळी सोडतात किंवा दोन-तीन सेंटिमीटर शिवतात. त्याहून लांब शिवली तर बसताना मिळणारी सैल जागाच नाहीशी होते. पँट घालून सरळ उभे राहिल्यावरही घडी उघडी दिसली, तर पँट नितंबांवर घट्ट आहे. अशा वेळी घडी आणखी शिवून उपयोग नाही. बाजूची शिवण सैल करावी लागते.