चौकट रिकामी, प्रश्न शाबूत

शेजारची बारावीतली मुलगी परवा संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, "काका, हा सरावाचा पेपर सोडवायचाय, पण यात मॅट्रिक्सच नाहीयेत." पाहिलं तर खरंच. प्रश्न होते, पर्याय होते, शेवटी थोडीफार उत्तरंही होती. फक्त कंसातले आकडे जिथे हवेत तिथे लाल फुलीची रिकामी चौकट होती. पेपर टाइप करणाऱ्याने आकड्यांचं चित्र चिकटवलेलं होतं, आणि फाइल इकडून तिकडे फिरताना ते चित्र कुठेतरी गळून पडलं होतं.

मॅट्रिक्सच्या वाट्याला हे वरचेवर येतं. बाकीचं बीजगणित एका ओळीत मावतं. मॅट्रिक्सला मात्र ओळी आणि स्तंभ, म्हणजे लांबी-रुंदी लागते. ती टाइप करायला किचकट, म्हणून लोक सरळ फोटो डकवतात.

"आता हे सगळे प्रश्न बाद ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, सगळे नाहीत. कुठले वाचले आणि कुठले गेले, हे शोधण्यातच खरी गंमत आहे.

दहावीच्या बीजगणितात आपण सगळेच निश्चयक शिकलो आहोत. दोन कोटीच्या निश्चयकात तिरका गुणाकार करायचा आणि वजाबाकी करायची. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांची अख्खी मांडणी आणि निश्चयक म्हणजे त्या मांडणीतून निघालेला एकच आकडा. तीन ओळी आणि तीन स्तंभांच्या मॅट्रिक्समध्ये नऊ आकडे असतात, तरी तिचा निश्चयक एकच. नवातून एक काढता येतो, पण एकावरून नऊ परत मिळत नाहीत. त्यामुळे पहिला प्रश्न असा विचारायचा: विचारणाऱ्याला नऊ आकडे हवेत, की त्यांच्यातून निघालेला तो एक आकडा पुरतो?

पेपरातला पहिलाच प्रश्न असा होता: A ही 3×3 मॅट्रिक्स (रिकामी चौकट), |A| = 5, तर |2A| किती? इथे चौकटीत काय होतं याच्याशी आपल्याला देणंघेणंच नाही. 3×3 चा निश्चयक म्हणजे चिन्ह बाजूला ठेवलं तर एका तिरक्या खोक्याचं घनफळ, आणि तिन्ही ओळी त्या खोक्याच्या तीन कडा. 2A म्हणजे तिन्ही कडा दुप्पट, म्हणून घनफळ आठपट, उत्तर 40. मुलं घाईत 10 लिहितात, कारण त्यांच्या डोळ्यापुढे खोकं नसतं, नुसता 2 असतो.

काही प्रश्नांत तर |A| सुद्धा द्यावा लागत नाही. A ही 3×3 ची स्क्यू-सिमेट्रिक मॅट्रिक्स आहे, एवढं एक वाक्य उरलं तरी निश्चयक सापडतो. स्क्यू-सिमेट्रिक म्हणजे ओळींचे स्तंभ केले की प्रत्येक आकड्याचं चिन्ह उलटं झालेलं दिसतं. ओळी-स्तंभांची अदलाबदल केल्याने निश्चयक बदलत नाही. पण सगळी चिन्हं उलटी केली, तर तिन्ही ओळींतून एकेक उणे बाहेर येतं आणि निश्चयकाचं चिन्ह बदलतं. म्हणजे |A| हा −|A| इतकाच असायला हवा, आणि असा आकडा शून्याशिवाय दुसरा नाही. चार कोटीला मात्र हे चालत नाही, कारण चार उणे मिळून अधिक होतात. तेव्हा चौकट हरवली तरी तिच्याशेजारचं '3×3' हरवलेलं चालत नाही.

इथे मी एक कसोटी वापरतो. उरलेल्या शब्दांना पूर्ण बसतील अशा दोन वेगवेगळ्या मॅट्रिक्स स्वतः बनवायच्या आणि दोन्हींवर प्रश्न सोडवून पाहायचा. उत्तरं वेगळी आली तर प्रश्न मेला, तिथे डोकं शिणवण्यात अर्थ नाही. एकच आलं तर आशा आहे, पण तेवढ्याने भागत नाही. ते कायमच तसं येणार, हे कारण देऊन दाखवावं लागतं, जसं वर उणे चिन्हांनी दाखवलं.

ही कसोटी का लागते, ते 2013 च्या जेईई मेनमधल्या एका प्रश्नावरून कळतं. प्रश्न असा होता: P ही 3×3 च्या A या मॅट्रिक्सची ॲडजॉइंट आहे आणि |A| = 4, तर P मधल्या α ची किंमत काढा. पर्याय 4, 11, 5 आणि 0. या प्रश्नात A मुळातच छापलेली नव्हती आणि तरी कोणाचं काही अडलं नाही. A ला तिच्या ॲडजॉइंटने गुणलं की मुख्य कर्णावर तीन वेळा |A| आणि बाकी सगळी शून्यं येतात. त्या गुणाकाराचा निश्चयक |A| चा घन, त्यातला एक |A| खुद्द A चा, म्हणून ॲडजॉइंटच्या वाट्याला |A| चा वर्ग, म्हणजे 16. छापलेली P होती `[1 α 3; 1 3 3; 2 4 4]`, तिचा निश्चयक 2α − 6. तो 16 च्या बरोबर मांडला की α = 11.

आता समजा P चं चित्र गेलं. शब्दांवरून एवढंच कळतं की P चा निश्चयक 16. एखादा हुशार विद्यार्थी सोपी P धरेल: कर्णावर α, 1, 4 आणि इतरत्र शून्य. मग 4α = 16, α = 4. पर्यायांत 4 आहेच! शिवाय ही P खोटीही नाही. कर्णावर 1, 4, 1 असलेल्या मॅट्रिक्सची ती खरीखुरी ॲडजॉइंट आहे आणि त्या मॅट्रिक्सचा निश्चयकही 4 आहे. सगळं चोख बसलं, पर्यायही सापडला आणि उत्तर चुकलं. पर्याय जुळला की माणूस निर्धास्त होतो, म्हणून अशा वेळी मी पर्यायांवर मुळीच विसंबत नाही.

पण कधी कधी नऊच्या नऊ आकडे परत मिळतात. उत्तराची एखादी कच्ची ओळ शिल्लक असेल तर! आमच्या पेपरात एका प्रश्नाखाली ही ओळ टाइप केलेली सापडली:

```
2(0·(−2) − 5·6) + 1(4·(−2) − 5·1) + 3(4·6 − 0·1) = −1
```

पहिल्या ओळीवरून निश्चयकाचा विस्तार करताना तिचे तीन आकडे कंसांबाहेर येतात, आणि चिन्हं अधिक, उणे, अधिक अशी असतात. बाहेर 2, 1, 3 दिसतात, पण मधल्या जागी उणे असायला हवं तिथे अधिक आहे. म्हणजे मूळ आकडा −1 होता. पहिली ओळ झाली 2, −1, 3.

उरलेले सहा आकडे कंसांत आहेत. पहिला कंस पहिला स्तंभ झाकून तयार होतो, दुसरा कंस दुसरा, तिसरा कंस तिसरा. म्हणून जो आकडा पहिल्या कंसात नाही पण पुढच्या दोन्हींत आहे, तो पहिल्या स्तंभातला. इथे 4 आणि 1. दुसऱ्या कंसात नसलेले 0 आणि 6 दुसऱ्या स्तंभातले, तिसऱ्यात नसलेले 5 आणि −2 तिसऱ्यातले. आता ओळ ठरवायची. प्रत्येक कंसातला पहिला गुणाकार खाली उजवीकडे उतरणाऱ्या कर्णाचा असतो, म्हणजे त्यातला डावीकडच्या स्तंभातला आकडा वरच्या ओळीत. पहिल्या कंसात 0 आणि −2 ही जोडी आहे, म्हणून 0 दुसऱ्या ओळीत आणि −2 तिसऱ्या. हाच नियम पुढे लावला की दुसरी ओळ 4, 0, 5 आणि तिसरी 1, 6, −2. प्रत्येक आकडा दोन कंसांत येत असल्याने टायपिंगची चूक असती तर तीही इथेच पकडली गेली असती. मुलीने तीनदा पडताळून पाहिलं. तिला वाटलं मला पेपर आधीच पाठ होता.

हीच ओळ जरा नीटनेटकी करून `2(−30) + 1(−13) + 3(24)` अशी लिहिली असती, तर मात्र हात टेकावे लागले असते. दुसऱ्या ओळीत तिसरी मिळवा: 5, 6, 3 आणि 1, 6, −2. तिन्ही कंस काढून पाहा, पुन्हा −30, −13 आणि 24 च येतात. निश्चयक विचारला असेल तर या दोन मॅट्रिक्समध्ये निवड करायचं कारणच नाही, तो −1 आहे. पण मुख्य कर्णावरच्या आकड्यांची बेरीज विचारली असेल तर पहिलीत ती 0 येते आणि दुसरीत 6. विद्यार्थ्यांना आम्ही 'मधल्या पायऱ्या दाखवा' असं मार्कांसाठी सांगतो. त्या पायऱ्यांत अख्खी मॅट्रिक्स लपलेली असते, हे मलाही इतक्या ठळकपणे त्या दिवशीच दिसलं.

जाता जाता सांगतो, गणितातही निश्चयक आधी आला आणि मॅट्रिक्स नंतर. दहावीच्या पुस्तकातल्या क्रेमरची पद्धत 1750 सालची. मॅट्रिक्स हे नाव सिल्व्हेस्टरने 1850 मध्ये दिलं आणि केलीने तिचं रीतसर बीजगणित मांडलं ते 1858 मध्ये. त्या लॅटिन शब्दाचा एक अर्थ गर्भाशय आहे. जिच्या पोटातून लहान लहान निश्चयक जन्म घेतात ती मॅट्रिक्स, अशी सिल्व्हेस्टरची कल्पना होती.

पेपराच्या शेवटच्या पानावर चौकट नव्हती, पण दुसरीच भानगड होती. मजकूर कुठून तरी उतरवताना मांडणी मोडली होती आणि नऊ आकडे एका रांगेत आले होते. हे आकडे ओळीओळीने वाचायचे की स्तंभास्तंभाने, ते कळायला मार्ग नव्हता. निश्चयक काढायचा असता तर दोन्ही वाचनांत तोच आला असता. पण तिथे तीन समीकरणं सोडवून x, y, z काढायचे होते, आणि त्यात ओळ कुठली नि स्तंभ कुठला यावरच सगळं अवलंबून असतं. आम्ही दोन्ही तऱ्हांनी सोडवलं. एका वाचनाने पूर्णांक आले, दुसऱ्याने विचित्र अपूर्णांक. पेपर काढणाऱ्याने पूर्णांकच योजले असतील, असा माझा कौल. तो अंदाज आहे, पुरावा नाही, हे तिला समासात लिहायला लावलं.

मग तिने पेपर वर्गातल्या मैत्रिणींसाठी पुन्हा टाइप केला. या वेळी चित्र न चिकटवता मॅट्रिक्स एका ओळीत लिहिल्या, ओळ संपली की अर्धविराम:

```
A = [2 -1 3; 4 0 5; 1 6 -2]
```

दिसायला काही ही देखणी नाही. जेईईचा तो प्रश्नही मी तिला मधे घालायला लावला, P सकट.