गुणोत्तर कसोटी केव्हा, तुलना कसोटी केव्हा?

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त श्रेढीव्यवहार नावाचे एक प्रकरण आहे. त्यातील श्रेढ्यांची पदे मोजकी असतात, त्यामुळे बेरीज निघणार की नाही ही शंका तेथे उद्भवतच नाही. पदे अनंत झाली म्हणजे मात्र हाच प्रश्न पहिला ठरतो. एकेक पद मिळवीत गेले असता बेरीज एखाद्या निश्चित संख्येच्या हवी तितकी जवळ जात असेल, तर श्रेढी अभिसारी. तसे होत नसेल, तर अपसारी. हे ठरविण्याच्या ज्या कसोट्या कलनशास्त्राच्या विद्यार्थ्याला आरंभी भेटतात, त्यांपैकी दोहोंचा विचार येथे करू. दोन्ही कसोट्या पाठ असतात; पण समोरच्या उदाहरणाला कोणती लावावी, येथे लेखणी अडते. पुढे सर्वत्र पदे धन आहेत असे समजावे.

तुलना कसोटी व्यवहारातल्यासारखी सरळ आहे. आपल्या श्रेढीचे प्रत्येक पद एखाद्या अभिसारी श्रेढीच्या त्याच क्रमांकाच्या पदाहून मोठे नसेल, तर आपली श्रेढीही अभिसारी. उलट, प्रत्येक पद एखाद्या अपसारी श्रेढीच्या पदाहून लहान नसेल, तर आपलीही अपसारी. गुणोत्तर कसोटीत दुसरी श्रेढी दिसत नाही. पुढच्या पदाला मागच्या पदाने भागावे आणि n वाढत जाताना तो भागाकार कोणत्या सीमेकडे जातो ते पाहावे. सीमा १ हून कमी असेल तर श्रेढी अभिसारी, १ हून अधिक असेल तर अपसारी; सीमा नेमकी १ आली तर कसोटी काहीच सांगत नाही. ही कसोटी फ्रेंच गणिती दालाँबेर याच्या नावाने ओळखली जाते.

आता एक उदाहरण घेऊ. ज्या श्रेढीचे n वे पद n²/२ⁿ आहे, तिची पहिली पदे अशी:

१/२ + १ + ९/८ + १ + २५/३२ + …

पदे प्रथम वाढतात व मग उतरू लागतात. १/२ⁿ शी तुलना करावी तर आपली पदे त्याहून मोठी. मोठी पदे अभिसारी श्रेढीच्या वर असली तर त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. म्हणून गुणोत्तर काढू:

पुढचे पद ÷ मागचे पद = (१/२) × (१ + १/n)²

n वाढला की कंसातील राशी १ कडे जाते, म्हणून सीमा १/२, श्रेढी अभिसारी.

उत्तर दोन ओळींत आले, पण ते खरे का, हे पाहण्यासारखे आहे. n = ३ घेतला तर हे गुणोत्तर (१/२) × (१६/९), म्हणजे ८/९ होते, आणि पुढे ते उत्तरोत्तर कमीच होत जाते. म्हणजे चौथे पद तिसऱ्याच्या ८/९ पट, पाचवे पद चौथ्याच्या ८/९ पटीहूनही कमी, आणि असेच पुढे. तेव्हा तिसऱ्या पदापासूनची सारी बेरीज, ९/८ पासून आरंभ होऊन दर पदाला ८/९ ने घटणाऱ्या भूमिती श्रेढीच्या बेरजेच्या आत राहते. ती बेरीज ९/८ ÷ (१ − ८/९), म्हणजे ८१/८ आहे. पहिल्या दोन पदांची दीड मिळविली तरी एकूण ९३/८ च्या, म्हणजे बाराच्या आत. (खरी बेरीज ६ आहे.) पदे धन असल्यामुळे बेरीज वाढतच जाते, जी वाढते पण एका मर्यादेपलीकडे जात नाही, ती कोठेतरी स्थिरावणारच.

याचा अर्थ, गुणोत्तर कसोटी म्हणजे भूमिती श्रेढीशी केलेली तुलनाच होय. तिचे सामर्थ्य व तिची मर्यादा, दोन्ही यातच आहेत. पदांत २ⁿ, ३ⁿ यांसारखे घात किंवा n! यांसारखी क्रमगुणिते असतील, तर भागाकारात बहुतेक सारे काटले जाते आणि उत्तर झटकन हाती येते. पण पदे भूमिती श्रेढीहून मंद गतीने उतरत असतील, तर या मापाला ती उतरण दिसतच नाही.

पुढील दोन श्रेढ्या पाहा:

१ + १/२ + १/३ + १/४ + …

१ + १/४ + १/९ + १/१६ + …

पहिलीत गुणोत्तर n/(n+१), दुसरीत त्याचाच वर्ग. दोहोंची सीमा १. तरी पहिली अपसारी आहे व दुसरी अभिसारी! पहिलीत १/३ + १/४ ही जोडी १/२ हून मोठी, नंतरची चार पदे मिळून १/२ हून मोठी, त्यानंतरची आठही तशीच. अशी अर्ध्याअर्ध्याची भर पडतच राहते. ही युक्ती चौदाव्या शतकातील निकोल ओरेम याची. वाढ मात्र इतकी मंद की बेरीज १० च्या पुढे जाण्यास १२,३६७ पदे लागतात. नुसती आकडेमोड करून पाहणारा फसेल. दुसरीत, दुसऱ्या पदापासून, १/n² हे १/(n−१) − १/n याहून लहान असते. या फरकांची बेरीज करताना मधली सारी पदे एकमेकांस खोडतात व एकूण २ च्या आत राहते. तिची नेमकी किंमत π²/६ आहे, हे ऑयलरने १७३५ मध्ये दाखविले.

येथेच उत्तरपत्रिकांतून वारंवार आढळणारी एक चूक संभवते. n/(n+१) हे प्रत्येक वेळी १ हून लहानच असते, म्हणून श्रेढी अभिसारी, असे लिहिले जाते. गुणोत्तर १ हून लहान असणे पुरेसे नाही. ते १ हून लहान अशा एखाद्या ठराविक संख्येच्या खाली राहिले पाहिजे. वरील उदाहरणात ८/९ ने तेच काम केले.

म्हणून पदात n चे साधे घात किंवा वर्गमुळेच असतील, तर गुणोत्तर काढण्याचा खटाटोपच करू नये. अंश व छेद यांतील सर्वांत बलवान पदे तेवढी ठेवावी, म्हणजे तुलना कोणाशी करावयाची ते कळते. समजा, n वे पद n/(n²+१) आहे. मोठ्या n साठी ते १/n सारखे वागते, तेव्हा श्रेढी अपसारी असावी. पण n/(n²+१) हे १/n हून लहान आहे, आणि अपसारी श्रेढीहून लहान असण्याने काही सिद्ध होत नाही. तुलनेची दिशा चुकली! उपाय सोपा आहे: n²+१ हे २n² हून कधीच मोठे नसते, म्हणून

n/(n²+१) ≥ १/(२n)

आणि उजवीकडील पदे म्हणजे अपसारी श्रेढीची निम्मी पदे. अपसारी श्रेढी निम्मी केली तरी अपसारीच राहते.

२ⁿ दिसला की गुणोत्तरच काढावे, असाही नियम कोणी करू नये. ज्या श्रेढीचे n वे पद (३ + (−१)ⁿ)/२ⁿ आहे, ती अशी दिसते:

१ + १ + १/४ + १/४ + १/१६ + १/१६ + …

गुणोत्तरे येतात १, १/४, १, १/४, आणि ही आलटापालट संपत नाही. त्यांना सीमाच नाही. तेव्हा वर सांगितलेली कसोटी येथे लागूच पडत नाही. पण अंश ४ हून कधीच मोठा नाही, म्हणून प्रत्येक पद ४/२ⁿ च्या आत आहे, आणि ४/२ⁿ ही तर भूमिती श्रेढी. तुलनेने एका ओळीत निकाल लागतो. आणि पदांच्या जोड्या केल्या तर २ + १/२ + १/८ + … अशी भूमिती श्रेढी मिळून बेरीजही हाती येते: ८/३.