खाते बंद, पैसे परत कधी?

सकाळी 10:10 ला एनईएफटीने घरभाडे पाठवले. ते 10:30 च्या बॅचमधून घरमालकाच्या बँकेत पोहोचले. पण त्यांचे खाते बंद झालेले. आपली बँक पैसे पाठवताना समोरचे खाते चालू आहे का, हे पाहत नाही. ते समोरच्या बँकेतच कळते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तिने बॅचनंतर दोन तासांत, म्हणजे 12:30 पर्यंत, रक्कम परत पाठवायला हवी. मात्र ती बँकेच्या अंतर्गत खात्यात अडकली किंवा आपल्या बँकेत नोंद जुळली नाही, तर दिवस जातात. अशा वेळी यूटीआर क्रमांक देऊन आपल्याच बँकेकडे लेखी तक्रार करा. उशिराबद्दल रेपो दर अधिक दोन टक्के व्याज मिळायला हवे.