ठेवायला स्वस्त, काढायला महाग

माहितीपट करणाऱ्या एखाद्या गटाकडे १० टीबी, म्हणजे ढोबळमानाने १०,००० जीबी जुनं फुटेज आहे असं धरू. ते अ‍ॅमेझॉनच्या ‘एस-थ्री ग्लेशियर डीप आर्काइव्ह’ या स्वस्त साठवणीत ठेवायचं आहे. व्हर्जिनियातल्या केंद्राचा दर जीबीला महिना ०.०००९९ डॉलर, म्हणून भाडं ९.९० डॉलर. अंदाजपत्रकात बहुतेकदा एवढाच आकडा लिहिला जातो. पण बिल ठरतं ते गटाच्या सवयींवर. आधी विचारायला हवं, की दर महिन्याला यातलं किती परत लागतं?

समजा ३०० जीबी लागतं, सुमारे ६०० फाइलींमध्ये. या साठवणीतली फाइल लगेच उघडत नाही. ती आधी मागवावी लागते आणि साधारण बारा तासांत मिळते. त्याचा दर जीबीला ०.०२ डॉलर, म्हणजे ६ डॉलर. प्रत्येक फाइलच्या मागणीचे वेगळे पैसे पडतात, पण ६०० मागण्यांचे मिळून सहा सेंटच. मागवलेली प्रत सात दिवस उपलब्ध ठेवली, तर तेवढ्या काळाचं नेहमीच्या महाग दराने भाडं लागतं, सुमारे १.६० डॉलर. मग ती इंटरनेटवरून आपल्या संगणकावर उतरवायची. महिन्याला पहिले १०० जीबी फुकट, पुढे जीबीला ०.०९ डॉलर. उरलेल्या २०० जीबीचे १८ डॉलर.

एकूण साडेपस्तीस डॉलर. त्यात साठवणीचा वाटा जेमतेम पावणेतीन दशांश, आणि डेटा बाहेर नेण्याचा निम्मा! घाई नसेल तर ४८ तासांचा मागवण्याचा स्वस्त पर्याय घ्यावा. सहा डॉलरचे पाऊण डॉलर होतात. त्याने बाहेर नेण्याचे १८ मात्र कमी होत नाहीत. ते कमी करायचे, तर व्हर्जिनियातल्याच केंद्रात संगणक भाड्याने घेऊन तिथे संकलन करावं आणि तयार झालेली छोटी फाइलच उतरवावी. संगणकाचं भाडं त्यात अर्थात धरायला हवं.

मागण्यांचे सहा सेंट पाहून तो रकाना सोडून देऊ नये. तेच १० टीबी दोन-दोन एमबीच्या फोटोंचे असतील, तर ५० लाख फाइली होतात. आत टाकताना दर हजार फाइलींना ०.०५ डॉलर लागतो, म्हणजे सुरुवातीलाच २५० डॉलर. म्हणून एकेका चित्रीकरणाचे फोटो एका ‘टार’ फाइलीत बांधावेत. गठ्ठा फार मोठाही नको, कारण त्यातला एक फोटो हवा असला तरी अख्खा गठ्ठा मागवावा लागतो.

१८० दिवसांच्या आत फाइल पुसली, तरी उरलेल्या दिवसांचं भाडं द्यावंच लागतं. त्यामुळे ज्याची काटछाट अजून चालू आहे, ते इथे ठेवू नये.

पहिल्या महिन्याचं बिल आलं की ते वापराच्या प्रकारानुसार पाहावं. `DataTransfer-Out-Bytes` ही ओळ `TimedStorage-GDA-ByteHrs` पेक्षा मोठी दिसली, तर फुटेजचा तेवढा भाग अजून चालू कामातला आहे. तो आपल्या हार्ड डिस्कवरच असायला हवा.