श्रीखंडाचा हिशेब दह्यातल्या पाण्याचा

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी घरोघरी मलमलच्या फडक्यात दही टांगलं जातं आणि दुसऱ्या दिवशी त्याच गोष्टींवरून कुरबुर होते. एका घरात श्रीखंड वाटीतून ओघळतं, दुसऱ्या घरात ते इतकं गोड होतं की दुसरा चमचा नको वाटतो, तिसऱ्या घरात साखर घालून घालूनही आंबटपणा जिभेला लागतोच. ही तीन दुखणी वेगवेगळी वाटली, तरी तिन्हींचं मूळ एकच असतं : चक्क्यात शिल्लक राहिलेलं पाणी. दह्यातलं आम्ल त्या पाण्यात विरघळलेलं असतं आणि वरून घातलेली साखरही त्यातच विरघळते. त्यामुळे पाणी किती काढलं, कधी काढलं आणि कोणत्या तापमानाला काढलं, यावर श्रीखंडाची चव आणि घट्टपणा दोन्ही ठरतात.

सुरुवात दुधापासून. म्हशीच्या किंवा पिशवीतल्या पूर्ण सायीच्या दुधात सुमारे 6 टक्के स्निग्धांश असतो. अशा 2 लिटर दुधाच्या दह्यातून साधारण 750 ग्रॅम चक्का निघतो. गाईच्या तेवढ्याच दुधातून तो 500 ते 550 ग्रॅमच्या आसपास भरतो आणि थोडा मऊही राहतो. दूध उकळून कोमट करायचं, बोट बुडवल्यावर ऊब जाणवेल पण चटका बसणार नाही इतपत, आणि त्यात ताज्या, गोडसर दह्याचं विरजण घालायचं. लिटरला एक ते दीड चमचा पुरतं. चार दिवसांच्या आंबट दह्याचं विरजण लावलं, तर श्रीखंडाचा आंबटपणा तिथेच ठरून जातो.

श्रीखंडाचं दही रात्री विरजून सकाळी बघण्यापेक्षा दुपारी विरजलेलं बरं. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात दही पाच-सहा तासांत लागतं. रात्री नऊला विरजलेलं दही पहाटे तीनच्या सुमारास तयार होतं आणि घर जागं होईपर्यंत आंबत राहतं. दुपारी तीनला विरजलं, तर रात्री नऊच्या सुमारास ते डोळ्यांसमोर लागतं. भांडं हलवल्यावर दही एकसंध थरथरलं आणि कडेला पाणी सुटलेलं नसलं, की पुढच्या कामाला लागायचं.

दही टांगल्यावर आंबणं थांबतं, असा अनेकांचा समज असतो. तसं होत नाही. दह्यातले जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करत असतात आणि फडक्यात बांधल्यावरही त्यांचं काम चालूच राहतं. स्वयंपाकघरात 32-33 अंश तापमान असेल, तर ओट्याच्या वर खुंटीला रात्रभर टांगलेलं दही सकाळी हमखास आंबट निघतं. जुन्या पाककृतींतले ‘आठ तास टांगा’ हे शब्द थंडीत बरोबर ठरतात, पण एप्रिलमध्ये दगा देतात.

यावर उपाय म्हणजे निथळण्याचे दोन भाग करणं. आधी तासभर बाहेर टांगायचं. बरंचसं पाणी या पहिल्या तासातच जातं, कारण दही उबदार असताना ते चटकन सुटतं. मग तीच पुरचुंडी चाळणीत ठेवायची, चाळणी खोल पातेल्यावर बसवायची, वर ताटली आणि त्यावर हलकं वजन ठेवून सगळं फ्रिजमध्ये न्यायचं. गारठ्यात जिवाणू जवळजवळ थांबतात, पण पाणीही हळू निथळतं. म्हणून इथे 10 ते 12 तास द्यावे लागतात. वजन भारी ठेवून घाई केली, तर पाण्याबरोबर दहीही फडक्यातून बाहेर येऊ लागतं.

मध्ये एकदा फडकं उघडून कडेचा घट्ट थर चमच्यानं सोडवून आत मिसळला, तर पाणी पुन्हा वेगानं सुटतं. फडक्याला चिकटलेलं दही आधी घट्ट होतं आणि मधल्या पातळ दह्याची वाट अडवून धरतं. बाहेरून कोरडा दिसणारा गोळा आतून ओला निघतो, तो यामुळेच. फडकं मलमलचं किंवा जुन्या धोतराचं असावं आणि वापरण्याआधी नुसत्या गरम पाण्यातून काढावं. साबणाचा वास चक्का लगेच धरतो.

चक्का झाला हे ओळखायचं कसं? चमचाभर चक्का कोरड्या ताटलीवर दहा मिनिटं ठेवावा. भोवती पाण्याची कड दिसली, तर अजून निथळायला हवं. गोळा आकार धरून राहिला, बोटानं दाबल्यावर लोण्यासारखा पसरला, तर काम झालं. तो भुगा होऊन तुटत असेल, तर जास्त निथळला आहे. दोन-तीन चमचे थंड दूध घालून तो सावरता येतो. मोठ्या डेअऱ्यांनी ही टांगणी कधीच सोडली. तिथे दही यंत्रात वेगानं फिरवतात आणि पाणी वेगळं होतं. त्यामुळे निथळताना दही आंबण्याइतका वेळच मध्ये जात नाही.

आता साखर. ‘वाटीला वाटी’ हे प्रमाण घराघरांत सांगितलं जातं आणि ते चुकीचं नाही. फक्त ते दाणेदार साखरेचं आहे, हे सांगायचं राहून जातं. दाणेदार साखर चक्क्यापेक्षा हलकी भरते. त्यामुळे वाटीला वाटी म्हणजे वजनानं चक्क्याच्या सुमारे 80 टक्के साखर. पिठीसाखर त्याहून हलकी असते. तीच वाटी पिठीसाखरेनं भरली, तर हे प्रमाण 55 ते 60 टक्क्यांवर उतरतं. एकाच पाककृतीनं एकीचं श्रीखंड गोड आणि दुसरीचं आंबट होतं, त्यामागे बरेचदा हाच फरक असतो. म्हणून चक्का आणि साखर दोन्ही काट्यावर तोलावं.

750 ग्रॅम चक्क्याला 80 टक्क्यांनी 600 ग्रॅम साखर लागते. हा जुन्या पंगतीचा गोडवा. आजच्या जिभेला 450 ग्रॅम, म्हणजे 60 टक्के, बहुतेक वेळा पुरते. 50 टक्क्यांच्या खाली गेलं, की गोड दह्यासारखी चव लागते आणि श्रीखंडाचा तो रेशमी, जड पोत येत नाही. आधी 450 ग्रॅम घालून, तासाभरानं चव घेऊन, मग वाढवावी. लगेच चाखलेली चव फसवते, कारण तोवर साखर पुरती विरघळलेली नसते.

साखर मिसळल्यावर चक्का सैल होतो, तेव्हा घाबरायचं कारण नाही. साखर चक्क्यातल्या पाण्यात विरघळते, त्याचा पाक होतो आणि पातळ भाग वाढतो. चक्का घट्ट असेल, तर हा पाक त्यात सामावतो आणि फ्रिजमध्ये चार तास ठेवल्यावर मिश्रण पुन्हा दाट होतं. चक्का मुळातच ओला असेल, तर श्रीखंड ओघळतं आणि त्यावर साखर वाढवणं म्हणजे पाक वाढवणं. साखर विरघळली, की मिश्रण पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून काढायचं. मिक्सरमध्ये फिरवलं, तर ते पातळ होतं आणि जास्त फिरवलं तर लोणी सुटू लागतं.

आंबटपणा मात्र साखर घालण्याआधीच तपासायला हवा. दही टांगण्यापूर्वी आणि चक्का झाल्यावर असा दोनदा तो चाखावा. साखरेनं आम्ल नाहीसं होत नाही, फक्त जिभेपासून लपतं. जास्त आंबट चक्क्यात साखर वाढवत गेलं, तर आधी गोड आणि मागून आंबट अशी दुभंगलेली चव येते.

खरा उपाय म्हणजे चक्का धुणं. आम्ल पाण्यात आहे, तर ते पाणीच बदलायचं. 750 ग्रॅम चक्क्यात सुमारे 70 टक्के, म्हणजे 500 ग्रॅमच्या थोडं वर पाणी असतं. त्यात उकळून फ्रिजमध्ये थंड केलेलं अर्धा लिटर पाणी घालून, गुठळी राहणार नाही असं हलकं मिसळायचं आणि पुन्हा फडक्यात बांधून फ्रिजमध्ये निथळायचं. चक्का परत 750 ग्रॅमच्या आसपास आला, की घातलं तेवढं पाणी निघून गेलेलं असतं आणि ढोबळ हिशेबानं जवळपास निम्मं आम्ल त्याच्याबरोबर जातं. प्रत्यक्षात थोडं कमी जातं, पण फरक जिभेला स्पष्ट कळतो. पाण्याऐवजी थंड दूध वापरलं, तर चव जास्त भरीव राहते, कारण दुधाचा सत्त्वांश मागे उरतो. दूध गरम मात्र नको; ते फाटून कण धरतं. धुणं एकदाच करावं. दोनदा धुतलेला चक्का सपक होतो, दह्याचा वासही जातो.

साखर पडल्यानंतर आंबटपणा लक्षात आला, तर धुता येत नाही, कारण पाण्याबरोबर साखरही जाईल. मग ताजा, गोडसर चक्का मिसळणं सर्वांत चांगलं. तो नसेल, तर घोटलेली साय चालते. आंब्याचे दिवस असतील, तर हापूसचा दाट रस घालून आम्रखंड करावं. आंब्याच्या गोडीत तो आंबटपणा शोभतो. खाण्याचा सोडा घालायचा सल्ला मात्र ऐकू नये. त्यानं आम्ल मरतं, पण साबणासारखी चव येते आणि ती कशानंच जात नाही. आणि दही कडवट असेल, तार धरत असेल किंवा त्याला उग्र वास येत असेल, तर दुरुस्तीच्या फंदात न पडता ते टाकून द्यावं.

पाडव्यासाठी हे सगळं मांडलं, तर वेळापत्रक असं होतं. सणाच्या दोन दिवस आधी दुपारी तीनला विरजण. रात्री नऊला दही तयार, तासभर बाहेर टांगून मग फ्रिजमध्ये. आदल्या दिवशी सकाळी दहाला चक्का चाखून, तोलून साखर मिसळायची. धुण्याची वेळ आली, तरी संध्याकाळपर्यंत सवड असते. दुपारनंतर पुरणयंत्र, मग कोमट दुधात भिजवलेलं केशर, वेलची, जायफळ आणि चिमूटभर मीठ. रात्रभर फ्रिजमध्ये मुरल्यावर सकाळी चारोळी पेरून वाढायचं. पातेल्यात जमलेलं सव्वा लिटर दह्याचं पाणी झाकून फ्रिजमध्ये ठेवावं. त्यातलं थोडं पुऱ्यांची कणीक भिजवायला आणि उरलेलं दुसऱ्या दिवशीच्या कढीला उपयोगी पडतं.